पिशव्या एकाने सरकल्या

आषाढातला शेवटचा रविवार. दीप अमावास्या चार दिवसांवर आलेली, आणि तिच्यानंतर महिनाभर श्रावण. ज्या घरांत श्रावण पाळतात त्यांच्यासाठी मटणाचा हा शेवटचा रविवार. पुण्याच्या एखाद्या उपनगरातली सहा टेबलांची खानावळ डोळ्यांसमोर आणा. मटण थाळी, चिकन थाळी आणि शाकाहारी थाळी, एवढाच तिचा पसारा. एरवी रविवारी दुपारी चाळीसेक पार्सलं जातात. आज बारा वाजायच्या आतच तेवढी झाली आहेत. ही खानावळ मी रचलेली आहे, पण तिच्यात आज जे बिघडणार आहे ते पार्सल देणाऱ्या कुठल्याही स्वयंपाकघरात बिघडू शकतं. त्या रात्री तिच्या मालकाला समाजमाध्यमांवर जो माफीनामा लिहावा लागतो, त्याबद्दल मला सांगायचं आहे. तो धड लिहायचा तर आधी नेमकं काय घडलं ते कळायला हवं, आणि बहुतेक माफीनामे तिथेच अडखळतात.

अशा खानावळीत ऑर्डर आली की दोन कागद निघतात. एक आत, आचाऱ्याजवळ. त्याला केओटी म्हणतात, म्हणजे स्वयंपाकघरासाठीची चिठ्ठी. दुसरं बिल, पार्सल काउंटरवरच्या प्रिंटरमधून. आतून जेवण भरलेली पिशवी येते, पॅकिंग करणारा मुलगा केओटी आणि बिल ताडून पाहतो, बिल पिशवीला लावतो, सील करतो आणि पिशवी फळीवर ठेवतो. डिलिव्हरी बॉय येतो, मोबाइलवरच्या ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे आकडे सांगतो आणि त्या आकड्यांची पिशवी घेऊन जातो. पिशवीत काय आहे हे त्याला दिसत नाही. सीलबंद पिशवी त्याने उघडायची नसते.

दुपारी १२:४० ला काउंटरवरच्या प्रिंटरचा रोल संपला. या थर्मल रोलच्या शेवटच्या हातभर कागदावर बहुतेक वेळा लाल किंवा गुलाबी पट्टा असतो, रोल बदला हे सांगणारा. तो काही बिलांपासून दिसत होता; बदलायला हात रिकामा नव्हता. रोल बदलेपर्यंत एक बिल छापायचं राहून गेलं. आतला प्रिंटर मात्र चालूच होता, त्यामुळे त्या ऑर्डरचं जेवण शिजलं, भरलं आणि काउंटरवर आलं. आता काउंटरवर पिशव्यांची एक रांग आणि बिलांची एक रांग, आणि बिलांच्या रांगेत एक बिल कमी. गर्दीत ताडून पाहणं केव्हाच सुटलेलं होतं. पिशवी आली की समोरचं बिल लावायचं एवढंच चाललं होतं. बिल नसलेल्या पिशवीला पुढच्या माणसाचं बिल लागलं, त्याच्या पिशवीला त्याच्या पुढच्याचं. तिथून पुढे प्रत्येकाला आपल्या आधीच्या माणसाचं जेवण जाऊ लागलं. पंचावन्न मिनिटांत अशा ५२ पिशव्या बाहेर पडल्या.

यात दोन खुणा दिसल्या होत्या, आणि अशा गोंधळात त्या बहुतेक वेळा दिसतातच. पहिली पाच मिनिटांतच. ज्याचं बिल छापलं गेलं नाही त्याचा डिलिव्हरी बॉय येऊन उभा राहिला आणि त्याच्या आकड्यांची पिशवी फळीवर नव्हती. ‘राहिली वाटतं,’ म्हणून काउंटरवरून आत ओरडून एक मटण थाळी नव्याने भरून घेतली. तो मुलगा खूश होऊन गेला आणि पहिली खूण त्या जादा थाळीखाली गाडली गेली. दुसरी खूण शेवटी. १:३५ ला गर्दी ओसरली तेव्हा काउंटरवर एक पिशवी उरली होती, तिला लावायला बिलच नव्हतं. तोवर टॅबवर तक्रारींचा आवाज वीस मिनिटं वाजत होता. जेवणाच्या वेळी त्या टॅबकडे कोणी पाहत नाही, हे काउंटरवर उभं राहिलेला कुणीही सांगेल.

१:४० ला मालकाला उलगडा झाला. आता त्याने काय करायचं? तुम्हा-आम्हाला वाटेल, फोन उचलायचा आणि बावन्न जणांना सांगायचं. पण त्याच्याकडे ते नंबर नसतात. अ‍ॅपवरून आलेल्या ऑर्डरमध्ये ग्राहकाचा खरा नंबर खानावळीला सहसा दिसत नाही. ऑर्डर चालू असेपर्यंत कंपनीमार्फत जोडून मिळतो, जेवण पोचल्यावर ती वाटही बंद होते. रेस्टॉरंटवाल्यांचं हे जुनं दुखणं आहे. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया या त्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये झोमॅटो आणि स्विगीविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे जी तक्रार केली, तिच्यात ग्राहकांची माहिती झाकून ठेवण्याचाही मुद्दा होता. त्या वादात कोण बरोबर हे इथे ठरवायचं नाही. आपला नंबर प्रत्येक खानावळीकडे जाऊ नये असं मलाही ग्राहक म्हणून वाटतं. पण परिणाम असा, की ज्यांचं आपण बिघडवलं त्यांच्यापर्यंत पोचायला खानावळीला चौकात उभं राहून ओरडावं लागतं. जाहीर माफी कित्येकदा जाहीर असते ती याच कारणाने. खासगीत मागायची सोय नसते.

म्हणून पहिला संदेश माफीचा नसतो. १:४५ ला मालकाने अ‍ॅपच्या मदत कक्षाला कळवायचं, आणि त्याच क्षणी आपल्या पानावर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर आणि आसपासच्या सोसायट्यांच्या गटांत तीन ओळी टाकायच्या: आज दुपारी १२:४० ते १:३५ मध्ये आमच्याकडून निघालेलं पार्सल खाऊ नका, बिल आणि आतलं जेवण जुळत नाही, सविस्तर रात्री कळवतो. यात सॉरीसुद्धा नसलं तरी चालेल. शाकाहारी घरात मटणाचा डबा अजून उघडला गेला नसेल, तर त्या घराला माफीपेक्षा या तीन ओळी हव्या आहेत.

रात्री लिहायचा तो खरा माफीनामा. आपल्याकडे तो साधारण कसा येतो, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, वर हात जोडलेलं चित्र, आणि मजकूर असा:

‘आमच्या सर्व प्रिय ग्राहकांना कळवण्यात येते की, आज काही तांत्रिक अडचणींमुळे काही ऑर्डरच्या बाबतीत गोंधळ झाला. आमच्यासाठी ग्राहक हाच देव आहे. कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आपले प्रेम असेच राहू द्या.’

यातलं एकही वाक्य खोटं म्हणता येणार नाही. तरी ज्याच्या ताटात दुसऱ्याचं जेवण आलं तो हे वाचून आणखी भडकतो, आणि त्याला शब्दांत सांगता आलं नाही तरी का भडकलो ते त्याला कळत असतं.

‘गोंधळ झाला’ हे पाहा. पाऊस झाला, उशीर झाला, तसा गोंधळ झाला. मराठीत हे फार सोयीचं आहे. ‘करणे’ काढून ‘होणे’ घातलं की वाक्यातून माणूस गायब होतो. लहानपणी हातून कप फुटला की आपण ‘कप फुटला’ म्हणायचो, आणि आई विचारायची, ‘फुटला की फोडलास?’ माफीनामा वाचणारा तोच प्रश्न विचारत असतो. ‘चूक झाली’ आणि ‘आम्ही चूक केली’ यांत एका क्रियापदाचा फरक आहे, आणि माफी मागितली की नाही ते बरंचसं त्या क्रियापदावर ठरतं.

‘दिलगीर’ हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे. तो फारसीतून आला. मूळ अर्थ खिन्न, उदास, मन भरून आलेला. म्हणजे ‘आम्ही दिलगीर आहोत’ याचा धातूपर्यंत जाऊन अर्थ लावला तर ‘आम्हाला वाईट वाटतं आहे’ एवढाच निघतो. वाईट तर शेजाऱ्यालाही वाटतं. सरकारी पत्रांतून आणि रस्त्यावरच्या ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या पाट्यांतून फिरून फिरून तो शब्द इतका गुळगुळीत झाला आहे, की आता त्यात वाईट वाटणंही उरलेलं नाही. ‘माफ करा’ या साध्या बोलण्यात अजून थोडा दम आहे, कारण त्यात समोरच्याकडे काहीतरी मागावं लागतं.

आणि ‘दुखावल्या असल्यास’. हे ‘असल्यास’ वकिलाच्या टेबलावरून आलेलं आहे. शाकाहारी माणसाच्या घरी मटण पाठवल्यावर भावना दुखावल्या की नाही, हा प्रश्न उघडा ठेवायचा म्हणजे, दुखावल्या असतील तर तो तुमचा स्वभाव, असं सुचवणं. ‘तांत्रिक अडचण’ मात्र सरळ लपवाछपवी आहे. कागदाचा रोल संपणं याला तांत्रिक अडचण म्हणायचं, तर मीठ संपणं ही पुरवठा साखळीतली समस्या म्हणावी लागेल.

माफीतल्या कुठल्या भागाला किती वजन, हे लोकांना विचारून पाहणारे अभ्यासही झाले आहेत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माफीचे त्यांनी सहा भाग केले: खेद, काय चुकलं त्याचा खुलासा, जबाबदारीची कबुली, पुन्हा न करण्याची ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची याचना. माफीनामे वाचायला दिलेल्या लोकांना सर्वांत मोलाची वाटली ती जबाबदारीची कबुली, तिच्यानंतर भरपाईची तयारी. सर्वांत कमी मोलाची वाटली ती क्षमेची याचना. वरच्या मजकुराची ‘आपले प्रेम असेच राहू द्या’ ही शेवटची ओळ याच घरची. जे सर्वांत कमी चालतं तेच आपल्या माफीनाम्यांत सर्वांत ठळक अक्षरांत असतं.

पण हे झालं कागदावरच्या माफीबद्दल. खऱ्या ग्राहकांवर ती कशी चालते याची एक गोष्ट मला फार आवडते. शिकागोतले अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट एकदा उबरने भाषणाला निघाले. गाडीत काम करत बसले होते. मान वर करून पाहतात, तर गाडी फिरून पुन्हा त्यांच्याच घराजवळ. भाषणाला उशीर झाला तो झालाच, पण त्यांना जास्त लागलं ते कंपनीकडून सॉरीचा एक शब्दही न आल्याचं. लिस्ट त्या वेळी उबरचेच मुख्य अर्थशास्त्रज्ञ होते, त्यामुळे त्यांना नुसतं चडफडत बसावं लागलं नाही. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सुमारे पंधरा लाख प्रवाशांवर प्रयोग केला. ज्यांना सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला होता त्यांतल्या काहींना काहीच पाठवलं नाही, काहींना वेगवेगळ्या शब्दांतली माफी पाठवली, आणि काहींना माफीबरोबर पुढच्या प्रवासासाठी ५ डॉलरची सूट दिली. पुढे कोण पुन्हा गाडी मागवतो ते पाहिलं. नुसत्या शब्दांनी जवळपास काही फरक पडला नाही. सूट मिळालेले परत आले. आणि ज्यांना पुन्हा पुन्हा उशीर झाला व पुन्हा पुन्हा माफी आली, त्यांच्यावर तिचा उलटा परिणाम झाला. काही न पाठवलेलं बरं, अशी गत.

मग शब्दांना किंमतच नाही का? जर्मनीत ई-बेवरच्या एका विक्रेत्याच्या ग्राहकांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग नेमकं याच्या उलट सांगतो. वाईट शेरा दिलेल्या ग्राहकांना विक्रेत्याने पत्र पाठवलं. काहींची माफी मागितली, काहींना शेरा मागे घेतल्यास थोडे युरो देऊ केले. माफी मागितलेल्यांपैकी ४५ टक्क्यांनी शेरा मागे घेतला, पैसे देऊ केलेल्यांपैकी फक्त २३ टक्क्यांनी.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की मला त्यांत विरोध दिसत नाही. एकात पैसे होते ते झालेल्या त्रासाचे. दुसऱ्यात पैसे होते ते ग्राहकाचं तोंड बंद करण्याचे. आणि कंपनीचं ‘सॉरी’ पाठवायला काहीच लागत नाही हे लोकांना माहीत असतं, म्हणून त्याला ते किंमत देत नाहीत. माफी मागणाऱ्याला ती मागताना थोडं तरी महाग पडलं पाहिजे. खानावळीच्या मालकाकडे महाग पडण्यासारख्या दोन गोष्टी आहेत: पैसे, आणि काय घडलं ते जसंच्या तसं सांगण्याची लाज. दोन्ही खर्च केल्या तरच तो मजकूर माफी म्हणून वाचला जातो.

तर संध्याकाळी पाच वाजता तो मालक काय करतो? आधी मोजतो. टॅबवरच्या ५२ ऑर्डर ओळीने वहीत उतरवतो आणि प्रत्येकीसमोर तिच्या आधीच्या ऑर्डरचं जेवण लिहितो. गटारीचा रविवार, त्यामुळे मटण थाळीमागे मटण थाळीच; २३ जणांना योगायोगाने जे मागवलं तेच गेलं आहे. उरले २९. त्यांतल्या सहा शाकाहारी घरांत मटण किंवा चिकन गेलं. रांग एकाने सरकते तेव्हा याची उलट बाजूही जवळपास तेवढीच निघते: सहा जण मटणाची वाट पाहत बसले आणि पुढ्यात आली मटकीची उसळ आणि भरली वांगी. त्यांचा संताप जास्त मोठ्या आवाजातला असणार, पण पहिल्या सहा घरांशी त्याची बरोबरी करता येत नाही. बाकी सतरा जणांना मटणाऐवजी चिकन, दोनऐवजी एक थाळी, असं काही गेलं.

इथे मालकाला वही मिटावीशी वाटते. पण जे तेवीस ‘सुटले’, त्यांच्या ऑर्डरखालच्या बारीक अक्षरांतल्या सूचना वाचायच्या राहिल्या आहेत. एकीवर लिहिलं आहे: सुकी चटणी घालू नका, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. थाळी मटणाचीच गेली, पण ती दुसऱ्याची, चटणीसकट. आकडा तीस झाला. या एका घरासाठी अ‍ॅपच्या मदत कक्षाला पुन्हा गाठून, हवं तर भांडून, निरोप पोचवावा लागतो, आणि तोही माफीनामा लिहायच्या आधी. दुपारचा ‘खाऊ नका’ हा संदेश २९ जणांना न करता बावन्नांना करायचा तो यासाठी.

मग हिशेब. तीस ऑर्डर, सरासरी ४२० रुपये, म्हणजे १२,६०० रुपये. सहा टेबलांच्या खानावळीला तो दिवस बहुधा तोट्यात जातो. ज्यांनी अ‍ॅपवर तक्रार केली त्यांना पैसे अ‍ॅपमार्फत परत जातील आणि खानावळीच्या हिशेबातून कापले जातील. पण सगळेच तक्रार करत नाहीत. ज्यांनी केली नाही त्यांचे पैसेही परत द्यायचे का? मी म्हणतो, द्यायचे, आणि फोटो न मागता. फोटो मागणं म्हणजे माफी मागताना समोरच्याची उलटतपासणी घेणं. दोन-चार जण फसवतील, हे धरून चालायचं.

रात्री नऊला, वहीतले आकडे समोर ठेवून, मजकूर लिहिला जातो. मी लिहिला असता तर असा:

‘आज, रविवारी दुपारी १२:४० ते १:३५ या वेळात आम्ही ५२ पार्सलांना चुकीची बिलं लावली. त्यामुळे ३० जणांना दुसऱ्याचं जेवण गेलं. त्यांतल्या ६ घरांनी शाकाहारी थाळी मागवली होती, आणि आम्ही त्यांना मटण किंवा चिकन पाठवलं.

बिलाच्या प्रिंटरचा कागद संपला आणि एक बिल छापलं गेलं नाही. त्यापुढची बिलं आम्ही आतलं जेवण न ताडता ओळीने लावत गेलो. सुरुवातीलाच एका डिलिव्हरी बॉयला त्याची पिशवी सापडली नाही, तेव्हा आम्ही थांबायला हवं होतं. थांबलो नाही. ही चूक आम्ही केली. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचा तिच्याशी काही संबंध नाही. कृपया त्यांना कमी गुण देऊ नका.

सर्व ३० जणांचे पूर्ण पैसे परत मिळतील. अ‍ॅपवर तक्रार केली नसेल तर खालच्या नंबरवर फक्त ऑर्डर क्रमांक पाठवा. फोटो नको. पैसे बुधवारपर्यंत येतील.

ज्या ६ घरांत मांसाहारी जेवण गेलं, त्यांचं नुकसान पैसे देऊन भरून येत नाही हे आम्हाला माहीत आहे. आम्ही तुमची माफी मागतो. तुम्हाला बोलायचं असेल तर याच नंबरवर मी स्वतः आहे.

उद्यापासून आतली चिठ्ठी पिशवीला टाचलेली राहील आणि ती बिलाशी ताडल्याशिवाय सील लागणार नाही. शाकाहारी पिशवीवर हिरवं गोल, मांसाहारीवर तपकिरी त्रिकोणी स्टिकर असेल.’

खाली मालकाचं नाव. खानावळीचा लोगो नाही, हात जोडलेलं चित्र नाही.

यातला त्रिकोण मी हौसेने घातलेला नाही. पाकिटावरच्या मांसाहाराच्या खुणेत पूर्वी तपकिरी गोल असायचा. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी तो त्रिकोण केला. हिरवा आणि तपकिरी हे रंग ज्यांना वेगळे दिसत नाहीत, त्यांना आकारावरून कळावं म्हणून. काउंटरवरच्या घाईत आपण सगळेच थोडे रंगांधळे असतो. ‘यापुढे काळजी घेऊ’ या शब्दांत तपासता येण्यासारखं काही नसतं. स्टिकर आहे की नाही हे मात्र पुढच्या पिशवीवर कोणीही पाहू शकतं.

मजकुरात काय नाही तेही पाहा. पॅकिंगच्या मुलाचं नाव नाही. ‘संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई केली आहे’ हे वाक्य मालकांना फार मोहात पाडतं, कारण त्याने राग दुसरीकडे वळतो. पण पंचावन्न मिनिटांत बावन्न पिशव्या एकट्या मुलाकडून बांधून घेण्याचा निर्णय त्याचा नव्हता. पुढच्या ऑर्डरवर वीस टक्के सूटही नाही. शाकाहारी घराला, जिथून तुमच्याकडे मटण आलं तिथेच पुन्हा मागवा आणि सूट घ्या, असं सांगणं म्हणजे विनोद.

विनोदाचंही तसंच. माफीच्या जाहिरातींत हमखास सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे केएफसीचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांनी माल पोचवणारी कंपनी बदलली, कोंबडीच पोचेना, आणि सुमारे ९०० पैकी निम्म्याहून अधिक दुकानं बंद ठेवावी लागली. त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली: रिकामा डबा, आणि त्यावर आपल्याच नावाची तीन अक्षरं अशी फिरवलेली की इंग्रजी शिवीच वाचावी. लोक हसले आणि माफ करून मोकळे झाले. पण तिथे लोकांना कोंबडी मिळाली नव्हती, एवढंच. ज्याला नको असलेलं मटण मिळालं आहे त्याच्यासमोर शब्दांचे खेळ करायला गेलात तर तुमचं काही खरं नाही.

‘एवढं सगळं लिहून दिलं तर उद्या ग्राहक मंचात हेच आमच्याविरुद्ध वापरतील’, ही मालकांची भीती अगदीच पोकळ नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ पासून कायद्यातच लिहिलेलं आहे की माफी मागितली म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली झाली असं नाही. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. त्यामुळे लिहिलेलं पुरावा म्हणून समोर येऊ शकतं. पण या प्रकरणात लपवायचं काय उरलं आहे? ऑर्डर अ‍ॅपवर नोंदलेली आहे, डब्याचे फोटो लोकांच्या फोनमध्ये आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटी दाखवायला तेवढं पुरतं, आणि पैसे परत घेतल्याने किंवा माफी मिळाल्याने ग्राहकाचा तक्रारीचा हक्क जातही नाही. वकिलाचं ऐकून ‘असल्यास’ घातल्याने खानावळ वाचणार नसते; फक्त माफी वाया जाते. शेंगदाण्याच्या चटणीवाल्या घरी खरोखर काही झालं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे जाहीर लिहिण्याआधी वकिलाशी बोलावं, आणि वकिलाशी बोलण्याआधी त्या घरी.

मजकूर टाकल्यावरचे दोन दिवस जास्त अवघड जातात. खाली लोक लिहितात. मटणाऐवजी वांगी मिळालेला गृहस्थ वर्षभराचा राग काढतो. कोणीतरी धर्म काढतं, कोणी मालकाची जात. प्रत्येकाला ‘आम्ही अत्यंत दिलगीर आहोत’ असं एकच उत्तर चिकटवत गेलं की उबरच्या प्रवाशांसारखं होतं; दहाव्या वेळी ते चिथावणी वाटतं. माफी एकदाच मागायची, पुरती मागायची. त्यानंतरची उत्तरं कामाची हवीत: ‘तुमचा ऑर्डर क्रमांक मिळाला, पैसे पाठवले, पाहून सांगा.’ कोणाची ऑर्डर काय होती, हे चुकूनही चारचौघांत लिहायचं नाही. शाकाहारी आडनावाच्या माणसाने मटण मागवलं होतं, हे त्याच्या सोसायटीला खानावळीकडून कळलं, तर आणखी एक माफीनामा लिहायची वेळ येईल.

बुधवारी रात्री मालकाने त्याच मजकुराखाली एक ओळ वाढवायची: ३० पैकी किती जणांना पैसे पोचले. समजा, सत्तावीस. तिघांनी क्रमांक पाठवले नाहीत. त्या तिघांत सहा शाकाहारी घरांपैकी दोन आहेत. त्यांनी तक्रारही केली नाही, फोनही केला नाही. मालकाच्या वहीत त्यांच्या ऑर्डरचे शेवटचे चार आकडे आहेत, पत्ता नाही. गुरुवारी दीप अमावास्या. शुक्रवारी श्रावण लागतो, मटणाचं पातेलं माळ्यावर जातं, आणि काउंटरवर प्रिंटरशेजारी दोन नवे रोल ठेवलेले असतात.